काळा कुर्ता विटतो, टॉवेल पापड होतो: उन्हात काय वाळत घालावं आणि सावलीत काय

प्रश्न: आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. गच्चीवर दोरी आहे, दिवसभर कडक ऊन असतं. दोन महिन्यांतच काळ्या कॉटनच्या कुर्त्याचे खांदे तपकिरी पडले आणि कमरेपाशी आडवा फिकट पट्टा आला. टॉवेल तर पापडासारखे कडक होतात. कुठले कपडे सावलीत घालायचे, कुठले उन्हात चालतात? आणि सगळंच सावलीत घातलं तर वाळेल का?

उत्तर:

ताई, तुमची दुखणी दोन आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत. कुर्त्याचा रंग उन्हाने उडालाय. टॉवेल कडक होण्यामागे मात्र पाणी, राहिलेला साबण आणि कपडा न हलता वाळणं ही कारणं आहेत. ऊन त्यात फक्त भर घालतं. त्यामुळे टॉवेल नुसता सावलीत नेला म्हणून मऊ होणार नाही, आणि कुर्त्याला कितीही सॉफ्टनर लावला तरी रंग टिकणार नाही. आधी कुर्त्याचं बघू, कारण गेलेला रंग परत येत नाही. टॉवेल सुधारता येतो.

रंग उन्हानेच गेलाय की धुण्यात, हे आधी खात्रीने ठरवा. कुर्ता उलटा करून बाजूच्या शिलाईत दुमडलेली कापडाची पट्टी उलगडा. ती धुण्यात प्रत्येक वेळी भिजली आहे, पण तिला ऊन लागलेलं नाही. ती गडद काळी असेल आणि खांदा तपकिरी, तर दोष उन्हाचा. पट्टीही बाहेरच्या कापडाइतकीच फिकट असेल तर रंग पाण्यात उतरतोय, आणि मग सावलीत वाळवून फारसा फरक पडणार नाही. तुम्ही सांगताय त्यात खांदे आणि आडवा पट्टा एवढंच विटलंय, म्हणजे पहिलीच शक्यता. कधी हँगरला लावलात तेव्हा खांदे गेले, कधी दोरीवर कमरेत दुमडून टाकलात तेव्हा घडीवरचा पट्टा गेला.

तेवढाच भाग का, हेही समजून घेण्यासारखं आहे. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो. अशा वेळी लोंबणाऱ्या कापडावर किरण तिरके घसरून जातात, पण खांद्यावर आणि दोरीवरच्या घडीवर सरळ आदळतात. डिसेंबरात हाच सूर्य दक्षिणेकडे बराच खाली कललेला असतो, तेव्हा कपड्याची दक्षिणेकडची अख्खी बाजू सारखी विटते. म्हणून नुसता डाग बघूनही कपडा कुठल्या दिवसांत आणि कसा लटकला होता, याचा अंदाज येतो.

काळ्याचा तपकिरी का होतो? कॉटनवरचा काळा बऱ्याचदा एकाच रंगाचा नसतो. निळसर काळ्यात लाल-नारिंगी मिसळून तो पक्का काळा दिसेल असा केलेला असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगाचे रेणू तुटतात, पण सगळे एका वेगाने नाही. निळसर भाग आधी गेला की मागे तांबूस उरतो. फिकट गुलाबी, मोतिया, आकाशी अशा रंगांचं वेगळंच. त्यात मुळात रंग कमी असतो, त्यामुळे थोडा गेला तरी लगेच दिसतो. म्हणजे "गडद रंग सावलीत, फिकट उन्हात" हा समज बरोबर नाही. दोन्ही सावलीतच बरे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कॉटनवरचे बरेचसे रंग कोरड्यापेक्षा ओल्या अवस्थेत जास्त लवकर उडतात. पाण्याने धागा फुगतो, आत हवा-पाणी खेळतं आणि प्रकाशाने सुरू केलेली मोडतोड पुढे सरकते. घाम असेल तर आणखी वाईट. कापडाच्या चाचण्यांत नुसता प्रकाश आणि घामासह प्रकाश अशा दोन निराळ्या चाचण्या असतात, त्या याचमुळे. म्हणून घामाने भिजलेला शर्ट "नंतर धुऊ, तोवर उन्हात टाकू" म्हणून दोरीवर टाकू नका. तो निदान साध्या पाण्यातून काढा आणि सावलीत टांगा.

दुसरं नुकसान वाळल्यानंतर होतं. सकाळी नऊला घातलेला पातळ कुर्ता मे महिन्यात दहापर्यंत वाळलेला असतो, पण आपण तो संध्याकाळी पाचला काढतो. मधले सात तास वाळवण्याच्या काहीच कामाचे नाहीत, नुसतं ऊन खाणं. रंगीत कपडा उन्हात घालावाच लागला तर साडेदहाच्या आत काढता येईल असा घाला. अडीच-तीननंतर घातला तरी चालेल.

सावलीत वाळेल का, याचं उत्तर तुमच्या जिल्ह्यातच आहे. तासगाव भागातल्या बेदाण्याच्या शेडा बघा. रसाने भरलेली द्राक्षं तारेच्या जाळ्यांवर पसरून, शेडनेटच्या सावलीत, नुसत्या वाऱ्यावर वाळवतात. हिरवा बेदाणा हिरवा राहतो तो यामुळेच. उघड्या उन्हात तो काळपट पडतो. वाळण्याला मुख्य लागते ती कोरडी आणि हलती हवा. मार्च ते मे आपल्याकडची दुपारची हवा खूप कोरडी असते आणि गच्चीवर वारा असतो. मशीनमध्ये पिळलेला कॉटनचा कुर्ता अशा दिवसांत उन्हात पाऊण तासात वाळला, तर सावलीत साधारण दीड तास घेईल. जीन्सला अर्धा दिवस लागेल. कपडा किती जाड, किती पिळलाय, वारा किती, यावर हे कमीजास्त होईल. पण वास येईल इतका वेळ उन्हाळ्यात लागत नाही.

फक्त सावली खरी हवी. बरेच जण कठड्याच्या किंवा टाकीच्या भिंतीच्या सावलीत दोरी बांधतात आणि ती सावली सकाळी नऊला बघून ठरवतात. मे महिन्यात साडेबाराला सूर्य डोक्यावर आला की ती सावली नाहीशी होते आणि नेमकं कडक ऊन कपड्यावर येतं. उत्तरेकडची भिंत तरी नेहमी सावलीत असते ना? हिवाळ्यात असते. पण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य सांगलीच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत उत्तरेची भिंतही ऊन खाते. साताऱ्यातही दोन-चार दिवसांच्या फरकाने हेच होतं. म्हणून उन्हाळ्यात बाजूची भिंत उपयोगाची नाही, डोक्यावर काहीतरी हवं.

त्यासाठी शेतीच्या दुकानात मिळणारी हिरवी शेडनेट पुरते. ५० टक्क्यांची घेऊ नका, ७५ किंवा ९० टक्क्यांची घ्या. ७५ टक्के म्हणजे साधारण पाव भाग प्रकाश खाली येतो, जो विटवायला लागणारा वेळ बऱ्यापैकी लांबवतो. जाळी दोरीच्या वर दीड-दोन फूट ताणून बांधा आणि बाजू मोकळ्या ठेवा, म्हणजे वारा आरपार जाईल. जाळी दोरीच्या पुढे दोन्ही बाजूंना हातभर जास्त असू द्या, नाहीतर सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन आत शिरतं. पत्र्याखाली बांधणार असाल तर पत्रा आणि कपडा यांत निदान तीन फूट अंतर ठेवा. तापलेल्या पत्र्याखाली हवा कोंडली तर रंग टिकतो, पण इलॅस्टिकचे कपडे त्या उष्णतेने खराब होतात.

आता कापडांकडे. रंगीत कॉटनचं झालंच: सावली, आणि तरीही उलटा करून. उलटा केल्याने ऊन थांबत नाही, पण पहिला मार आतल्या बाजूला बसतो. विरळ विणीच्या कापडात, उदाहरणार्थ मलमलमध्ये, त्याचा फायदा थोडाच, कारण प्रकाश आरपार जातो.

रेशमाला मात्र सवलत नाही. इरकल असो, पैठणी असो किंवा साधं सिल्कचं ब्लाउजपीस, रेशीम उन्हात पिवळं तर पडतंच, वर धागाच कमजोर होतो. रंग शाबूत दिसतो आणि दोन वर्षांनी घडीवर साडी चिरते, तेव्हा कारण लक्षात येत नाही. रेशीम घरात पंख्याखाली किंवा जाड सावलीत, दोरीवर सुती पंचा टाकून त्यावर वाळवा. लोकरही सावलीतच. स्वेटर टांगू नका, पाण्याच्या वजनाने तो लांबतो. टॉवेलवर आडवा पसरा.

रेयॉन, म्हणजे व्हिस्कोस, हे हल्लीच्या बहुतेक छापील कुर्त्यांचं कापड. त्याची अडचण वेगळी आहे: ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. ओला रेयॉनचा कुर्ता दोन चिमट्यांवर टांगला तर चिमट्याजागी कान निघतात आणि घेर खाली ओघळतो. तो दोन समांतर दोऱ्यांवर वजन वाटून टाका, सावलीत. उन्हात तो ताठ होऊन वाळतो, मग इस्त्रीला पाणी मारावं लागतं.

लेगिंग, पायमोजे, अंतर्वस्त्रं, पोहण्याचे कपडे यांत लायक्रा किंवा रबर असतं. ऊन आणि उष्णता दोन्हींनी ते मरतं. लेगिंगचा गुडघा पिशवीसारखा झोळदार होतो किंवा पायमोजा घोट्यावर थांबत नाही, तेव्हा दोष बहुतेक वेळा अशा वाळवण्याचा असतो. नायलॉनही उन्हात पिवळं आणि ठिसूळ होतं. दोरी नायलॉनची असेल तर तीही. दोन उन्हाळे झालेली दोरी हाताने चोळून बघा. बोटांना पांढरा भुगा लागला तर बदला, नाहीतर एक दिवस धुण्यासकट खाली येईल.

उन्हात बिनधास्त काय चालतं? पांढरं सुती: पंचे, धोतर, बनियन, चादरी, उशांचे अभ्रे, बाळाची दुपटी. यांना ऊन हवंच. पॉलिएस्टरही चालतं, त्याचा रंग धाग्याच्या आत शिरलेला असतो आणि कापड उन्हाला सहसा दाद देत नाही. शाळेचे गणवेश बहुतेक पॉलिएस्टर मिसळलेले असतात, ते तासभर उन्हात घातले तर बिघडत नाही.

पांढऱ्याबद्दल एक सावधगिरी. नवा पांढरा शर्ट जो निळसर चमकतो, ती चमक कापडाची नसते. त्यात आणि धुण्याच्या पावडरीत उजळपणा देणारं द्रव्य असतं. ते उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतं. रोज दिवसभर ऊन खाल्लं की ते द्रव्य तुटतं आणि शर्ट पिवळट वाटायला लागतो. म्हणून पांढरा शर्ट उन्हात वाळवा, पण वाळला की काढा. आधीच पिवळट झालेल्या सुती शर्टाला निळीचा हलका हात दिला तर दिसण्यापुरता फरक पडतो.

आता टॉवेल. कॉटनच्या धाग्यावर वाळल्यानंतरही पाण्याचा अगदी पातळ थर चिकटून राहतो आणि तो शेजारच्या धाग्यांना गोंदासारखा धरून ठेवतो. जपानमधल्या होक्काइडो विद्यापीठाच्या आणि तिथल्या एका साबण कंपनीच्या संशोधकांनी २०२० मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं. टॉवेल न हलता वाळला की हे जोड पक्के होतात. म्हणून वारा नसलेल्या कडक उन्हात तो पापड होतो, आणि वाऱ्यावर फडफडत वाळलेला त्यामानाने मऊ राहतो. वाळलेला कडक टॉवेल दोन हातांत धरून चोळला की मऊ होतो, तेही जोड तुटल्यामुळेच.

यावर दुसरा थर चढतो तो जड पाण्याचा. तुमच्याकडे नळाचं पाणी येतं की बोअरचं, यावर बरंच अवलंबून आहे. बोअरच्या पाण्यात चुना जास्त असला आणि कपड्याला साबणाची वडी लावली की दोन्ही मिळून न विरघळणारी चिकट साय तयार होते. ती टॉवेलच्या लुपांत बसते. घरी ओळखायचं तर दोन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत आरओ फिल्टरचं किंवा पावसाचं, अर्धी अर्धी. दोन्हींत वडीचा वाटाण्याएवढा तुकडा टाकून जोरात हलवा. आरओच्या किंवा पावसाच्या पाण्यात उंच फेस येईल. बोअरच्या पाण्यात फेस कमी आणि वर पांढरे कण तरंगताना दिसले, तर हेच कण तुमच्या टॉवेलात आहेत.

मग असं करा. टॉवेलला वडी बंद करून पावडर किंवा लिक्विड वापरा, पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त नको. पुन्हा एकदा जास्तीच्या पाण्यातून काढा. शेवटच्या पाण्यात, दहा लिटरला साधारण अर्धी वाटी, स्वयंपाकाचा पांढरा व्हिनेगर घाला, टॉवेल दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि पिळा. चुन्याचा थर त्याने सुटतो, आणि वास वाळल्यावर राहत नाही. ब्लीच वापरलं असेल त्या पाण्यात व्हिनेगर कधीही घालू नका, त्यातून विषारी वायू निघतो. चार-पाच धुण्यांत फरक जाणवेल. रोज घालायची गरज नाही, पंधरा दिवसांतून एकदा पुरे. टॉवेलला सॉफ्टनर मात्र टाळा. तो धाग्यावर तेलकट थर देतो, टॉवेल मऊ लागतो पण पाणी टिपत नाही.

वाळत घालताना टॉवेलची दोन टोकं धरून आठ-दहा जोराचे झटके द्या, लुपा उभ्या राहिल्या पाहिजेत. उन्हात घाला, आणि हाताला जरासा दमट लागतोय तेव्हाच काढून पुन्हा झटका. उरलेला दमटपणा घरात पंख्याखाली जाऊ द्या. हा शेवटचा अर्धा तास उन्हात न घालवणं आणि झटकणं, एवढ्यानेच निम्मं काम होतं. काम करणाऱ्या मावशी गच्चीवर धुणं घालून जात असतील तर झटकण्याचं त्यांना आवर्जून सांगा. पिळा तसाच असलेला टॉवेल दोरीवर टाकला तर त्याच सुरकुत्यांत तो कडक होतो.

हे सगळं उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं गणित झालं. जून ते सप्टेंबर ते उलटं होतं. साताऱ्याकडे, विशेषतः घाटाच्या बाजूला, हवाच ओलीचिंब असते. तेव्हा सावलीत घातलेला कपडा दोन दिवस दमट राहतो आणि आंबट वास धरतो. पावसाळ्यात तासभर ऊन पडलं तर रंगीत कपडेही उलटे करून त्यात घाला. ढगांतून मधूनमधून येणाऱ्या उन्हाने जे नुकसान होईल, ते बुरशीच्या काळ्या ठिपक्यांपेक्षा कमीच. ते ठिपके रंगीत कपड्यावरून निघत नाहीत.

नवा कपडा किती टिकेल हे आधी बघायचं असेल तर ड्रेसबरोबर येणारा जादा कापडाचा तुकडा किंवा शिलाईतून कापलेली पट्टी घ्या. अर्ध्या भागावर जाड पुठ्ठा दोन चिमट्यांनी घट्ट दाबा, दिवसातून दोनदा ओली करा आणि चार दिवस गच्चीवर ठेवा. पाचव्या दिवशी पुठ्ठा काढून घरात उजेडात बघा. दोन भागांत रेघ स्पष्ट दिसली तर तो कपडा कायम सावलीतला. रेघ शोधावी लागली तर थोडं ऊन चालेल. लेबलवर चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा असतील तर त्याचाही अर्थ सावलीत वाळवा असाच आहे.

मिठाच्या पाण्यात भिजवण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. उन्हाने रंग उडण्यावर त्याचा काहीही उपाय होत नाही, मीठ किरणांना थांबवत नाही.

राहिला तुमचा काळा कुर्ता. तो धुऊन, भिजवून सुधारणार नाही. कापड चांगलं असेल तर रंगाऱ्याकडून पुन्हा काळा करून घेता येतो, आणि काळ्यावर काळा छान बसतो. देताना शिलाईचा दोरा बघा. तो पॉलिएस्टरचा असतो आणि कॉटनचा रंग घेत नाही; काळा असेल तर प्रश्न नाही, पांढरा किंवा रंगीत असेल तर तसाच वर दिसेल. रंगवून आणल्यावर पहिली दोन धुणी वेगळी करा, उलटा करून हँगरला लावा आणि खांद्यांवर ऊन पडणार नाही अशा बेताने शेडनेटच्या मधोमध टांगा, कडेला नको.